शिअर बॉक्समधली वाळू: एकाच आलेखातून पीक आणि रेसिड्युअल घर्षण कोन कसे वाचायचे

वाळूची डायरेक्ट शिअर टेस्ट सॉईल लॅबमधल्या सोप्या टेस्टांत गणली जाते. तीन नमुने भरायचे, तीन वेगवेगळ्या वजनांखाली तोडायचे, तीन बिंदू कागदावर मांडून रेष ओढायची आणि तिचा कोन φ म्हणून लिहून द्यायचा. यात एक गोष्ट राहून जाते. घट्ट बसवलेल्या वाळूत एक नव्हे, दोन कोन असतात. वाळू जास्तीत जास्त जोर लावते तेव्हाचा पीक, आणि तो जोर ओसरल्यावर जे उरते ते रेसिड्युअल. दोन्ही कोन त्याच नमुन्यातून, त्याच दहा-पंधरा मिनिटांत निघतात. पण त्यासाठी टेस्ट पीकनंतर थांबवून चालत नाही, आणि उभ्या डायल गेजचे रीडिंग सोडून तर अजिबात चालत नाही.

हा लेख पहिल्यांदा पेटी हाताळणाऱ्यांसाठी आहे. पेटी आपल्याकडे सगळीकडे असते तीच धरली आहे: ६० × ६० मि.मी., आयएस २७२० भाग १३ प्रमाणे. वाळू कोरडी, ४.७५ मि.मी. चाळणीतून गेलेली. सरावासाठी एन्नोरची स्टँडर्ड सँड मिळाली तर उत्तम. चेन्नईजवळच्या एन्नोरची ही वाळू सिमेंटच्या टेस्टसाठी तीन ग्रेडमध्ये येते. मधली ग्रेड १ मि.मी. ते ५०० मायक्रॉनची असते, दाणे जवळजवळ एकसारखे असतात आणि धूळ नसते. त्यामुळे दोन नमुन्यांच्या निकालात फरक आला तर तो वाळूचा की हाताचा, हे चटकन कळते.

पेटी आणि वजन

पेटीचे दोन अर्धे असतात, वरचा आणि खालचा. भरताना ते दोन लॉकिंग पिनांनी जोडलेले असतात. मोटर खालच्या अर्ध्याला बॉल बेअरिंगवरून पुढे ढकलते आणि वरचा अर्धा प्रूव्हिंग रिंगला, म्हणजे जोर मोजणाऱ्या कड्याला, टेकून जागीच राहतो. म्हणजे वाळू कुठे तुटायची हे आपण आधीच ठरवलेले असते: दोन अर्ध्यांच्या मधल्या आडव्या पातळीवर. पुढे येणाऱ्या बऱ्याच मर्यादा या एका गोष्टीतून निघतात.

पेटीचे क्षेत्रफळ ३६ चौ.सें.मी. तुटणाऱ्या पातळीवर १०० किलोपास्कलचा नॉर्मल स्ट्रेस हवा असेल तर ३६० न्यूटन, म्हणजे ३६.७ किलोचे वजन लागते. हँगरला १:५ चा लिव्हर असेल तर पाटीवर ७.३४ किलो ठेवायचे. ५० किलोपास्कलसाठी ३.६७ आणि २०० साठी १४.६८ किलो. लिव्हरशिवाय थेट नमुन्यावर बसणारे लोडिंग पॅड, स्टीलची गोळी आणि योक यांचे वजनही यातच धरायचे. २०० किलोपास्कलला ते विसरले तर फारसे बिघडत नाही, ५० ला मात्र बिघडते. म्हणून हे भाग एकदा तोलून त्यांचे वजन मशीनवरच चिकटवून ठेवावे.

वाळू भरणे

या टेस्टमध्ये सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी लागते, कारण पीक कोन घनतेवर अवलंबून असतो आणि घनता इथेच ठरते.

खालच्या अर्ध्यात बेस प्लेट, तिच्यावर ग्रिड प्लेट. ग्रिडचे दाते सरकण्याच्या दिशेला आडवे आले पाहिजेत. ते दिशेला समांतर राहिले तर वाळू प्लेटवरून घसरते आणि आपण वाळूऐवजी वाळू-धातूचे घर्षण मोजत बसतो. नमुन्याची जाडी २५ मि.मी. धरली तर घनफळ ९० घ.सें.मी. होते. घट्ट नमुन्यासाठी १.७० ग्रॅम प्रति घ.सें.मी. हवे असतील तर १५३ ग्रॅम वाळू तोलून घ्यायची, सैल नमुन्याच्या १.५० साठी १३५ ग्रॅम. दाण्यांचे विशिष्ट गुरुत्व २.६५ धरले तर व्हॉइड रेशो अनुक्रमे ०.५६ आणि ०.७७ येतात.

घट्ट नमुना तीन थरांत भरावा. एकतृतीयांश वाळू ओतायची, चौकोनी लाकडी ठोकणीने ठरलेल्या उंचीपर्यंत बसवायची, वरचा पृष्ठभाग तारेने हलका खरवडायचा, मग पुढचा थर. खरवडले नाही तर थरांच्या सांध्यावर कच्ची पातळी राहते. एखादा सांधा नेमका पेटीच्या मध्यावर आला तर वाळू तिथूनच जाते. तीन थर केले की मधला थर तुटण्याच्या पातळीच्या दोन्ही बाजूंना पसरतो, हा त्यांचा आणखी एक फायदा. सैल नमुन्याला ठोकणी नको. फनेलचे तोंड वाळूला जवळजवळ टेकवून गोल फिरवत भरायचे, पृष्ठभाग पट्टीने अलगद सपाट करायचा, आणि त्यानंतर टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही.

भरून झाले की पेटीच्या काठापासून वाळूपर्यंतची खोली व्हर्नियरने चारही कोपऱ्यांत मोजा. इथे एक मि.मी.ची चूक म्हणजे २५ मि.मी. जाडीत चार टक्के, आणि १.७० वाटणारी घनता प्रत्यक्षात १.६३ असू शकते. एवढ्या फरकाने पीक कोन दोन-तीन अंश सहज हलतो. तिन्ही नमुन्यांची घनता जुळत नसेल तर पुढची रेष तीन वेगवेगळ्या वाळूंमधून काढल्यासारखी होते, आणि हे नंतर आलेख बघून ओळखता येत नाही. म्हणून आत्ताच मोजायचे, आणि जुळली नाही तर उकरून पुन्हा भरायचे.

पिना, स्क्रू आणि शून्य

वरून ग्रिड प्लेट, लोडिंग पॅड, गोळी, योक बसवा आणि वजन हळू चढवा. उभा डायल गेज योकवर लावा आणि वजनाने वाळू किती बसली ते लिहून ठेवा. तुटायला सुरुवात होण्याच्या क्षणाची खरी घनता काढायची तर हा आकडा लागतो.

आता दोन लॉकिंग पिना काढायच्या. मग वरच्या अर्ध्याचे दोन स्क्रू सारखेच फिरवून तो साधारण एक मि.मी. उचलायचा आणि स्क्रू पुन्हा मागे घ्यायचे, म्हणजे त्यांची टोके खालच्या अर्ध्याला टेकलेली राहणार नाहीत. फट ठेवायची ती लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. फट जास्त झाली तर वाळू बाजूने गळते. एन्नोरच्या मधल्या ग्रेडला एक मि.मी. ठीक आहे, बारीक वाळूला त्याहून कमी ठेवावी.

पिना काढायच्या राहिल्या तर प्रूव्हिंग रिंग सुरुवातीपासूनच झरझर वर जाते आणि डायलवर वजनाचा काहीच परिणाम दिसत नाही. ५० किलोपास्कलला येते तेच १०० ला. असे दिसताच मोटर बंद करा, नाहीतर रिंग कायमची बिघडते. स्क्रू मागे घ्यायचे राहिले तर चूक इतकी उघड दिसत नाही. वरचा अर्धा स्क्रूंवर टेकलेला असतो, स्टीलच्या टोकांचे घर्षण वाळूच्या घर्षणात मिसळते, आणि सैल वाळू खाली बसताना तिचा काही भार भिंतीमार्फत स्क्रूंवर जातो. संशय आलाच तर टेस्ट संपल्यावर खालच्या अर्ध्याचा काठ बघा. स्क्रूच्या टोकांनी ओढलेल्या दोन ताज्या चमकदार रेघा दिसल्या की कारण सापडले.

तिन्ही डायल शून्यावर आणा: आडवा, उभा आणि रिंगचा. उभा डायल कोणत्या दिशेला फिरला म्हणजे वाळू उचलली जाते हे बोटाने योक किंचित उचलून आधीच पाहून घ्या आणि वहीत खूण करून ठेवा.

रीडिंग

मोटरचा नेहमीचा वेग मिनिटाला १.२५ मि.मी. असतो. कोरड्या वाळूत पाण्याचा दाब साचायचा प्रश्न नाही, त्यामुळे हा वेग चालतो. पण पीक बहुधा दोन मि.मी.च्या आसपास, म्हणजे दीड मिनिटात येऊन जातो, आणि एकट्याने तीन डायल वाचायचे तर तेवढ्यात धांदल उडते. गिअर एक पायरी खाली ठेवावा. पहिल्या तीन मि.मी.पर्यंत दर पाव मि.मी.ला तिन्ही रीडिंग घ्या, नंतर दर अर्ध्याला.

सरकण्याचे माप वेग गुणिले वेळ असे काढू नका. रिंग स्वतः दबते तेवढा वरचा अर्धाही पुढे सरकतो. रिंगच्या डायलचा एक भाग ०.००२ मि.मी.चा असेल तर १५० भागांना ०.३ मि.मी. होतात. दोन मि.मी.वरच्या पीकमध्ये हा फरक लहान नाही. आडवा डायल खालच्या अर्ध्याबरोबर सरकणाऱ्या ट्रॉलीवर लावलेला असतो, त्यातून रिंगचे दबणे वजा केले की दोन अर्ध्यांमधले खरे सरकणे मिळते.

आणि टेस्ट थांबवायची कधी? रिंगचा काटा मागे फिरू लागला की पीक झाला म्हणून मोटर बंद करायची सवय अनेकांना असते. तसे केले तर रेसिड्युअल कोन गेलाच. पेटी जाऊ देईल तितके, निदान आठ-दहा मि.मी. तरी जाऊ द्या.

एक नमुना, आकड्यांसह

खालचे आकडे समजण्यासाठी मांडलेले आहेत. घट्ट बसवलेल्या मध्यम वाळूत याच धर्तीचे आकडे येतात. नॉर्मल स्ट्रेस १०० किलोपास्कल, घनता १.७०, रिंगचा एक भाग म्हणजे २ न्यूटन. शिअर स्ट्रेस मूळ ३६ चौ.सें.मी.वर काढला आहे. उभ्या डायलमध्ये अधिक म्हणजे वर.

| सरकणे (मि.मी.) | रिंग (भाग) | शिअर स्ट्रेस (किलोपास्कल) | उभा डायल (मि.मी.) |
|---|---|---|---|
| ०.५ | ९८ | ५४.४ | −०.०३ |
| १.० | १३२ | ७३.३ | −०.०१ |
| १.५ | १४७ | ८१.७ | +०.०६ |
| २.० | १५१ | ८३.९ | +०.१५ |
| २.५ | १४९ | ८२.८ | +०.२४ |
| ३.० | १४३ | ७९.४ | +०.३२ |
| ४.० | १३० | ७२.२ | +०.४२ |
| ६.० | ११८ | ६५.६ | +०.४८ |
| ८.० | ११७ | ६५.० | +०.४९ |
| १०.० | ११७ | ६५.० | +०.४९ |

याचे दोन आलेख काढा, एकाखाली एक, आडवा अक्ष तोच आणि त्याच मापाचा. वर शिअर स्ट्रेस, खाली उभा डायल. एकाच कागदावर नसतील तर पुढचे काही दिसणार नाही.

वरच्या आलेखात डोंगर दिसतो: दोन मि.मी.ला शेंडा, मग उतार, सहा मि.मी.नंतर पठार. शेंड्यावर tan φ = ८३.९ ÷ १०० = ०.८४, म्हणजे पीक कोन ४०°. पठारावर tan φ = ०.६५, म्हणजे ३३°.

खालच्या आलेखात वाळू आधी किंचित बसते, मग उचलली जाऊ लागते, आणि शेवटी उचलणे थांबते. आता पट्टी उभी ठेवून दोन्ही आलेख जुळवा. वाळू सगळ्यात जास्त उचलली गेली ती आठ मि.मी.ला. पण सगळ्यात *वेगाने*, म्हणजे दर मि.मी. सरकण्यामागे सगळ्यात जास्त, कुठे उचलली गेली? दीड ते अडीच मि.मी.च्या दरम्यान, नेमकी शेंड्याखाली. आणि जिथे वरचे पठार सुरू झाले तिथेच खालची रेषाही सपाट झाली.

शेंडा कशाचा बनलेला असतो

घट्ट वाळूचे दाणे एकमेकांच्या खाचांत बसलेले असतात. वरच्या दाण्यांना पुढे जायचे तर आधी खालच्या दाण्यावर चढावे लागते. चढताना डोक्यावरचे सगळे वजन उचलावे लागते, म्हणून घर्षणाच्या वर जादा जोर लागतो. या फुगण्याला डायलेटन्सी म्हणतात. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने ती १८८५ साली मांडली. समुद्राच्या ओल्या पुळणीवर पाऊल दाबले की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकी पडते, ते याचमुळे. दाबामुळे वाळू फुगते, दाण्यांमधली जागा वाढते आणि वरचे पाणी आत ओढले जाते. कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर हे बघता येते.

डोनाल्ड टेलर यांनी १९४८ साली याचा सोपा हिशेब दाखवला. शिअरने केलेले काम दोन ठिकाणी खर्च होते: घर्षणात, आणि नॉर्मल वजन उचलण्यात. त्यातून येते:

τ/σ = tan φcv + dv/dh

इथे τ म्हणजे शिअर स्ट्रेस, σ म्हणजे नॉर्मल स्ट्रेस, φcv हा घनफळ बदलत नसतानाचा घर्षण कोन, dv म्हणजे उभे उचलणे आणि dh म्हणजे आडवे सरकणे. आपल्या नमुन्यावर लावून पाहू. दीड ते अडीच मि.मी.मध्ये उभा डायल ०.०६ वरून ०.२४ वर गेला, म्हणजे एका मि.मी.मागे ०.१८. शेंड्यावरचे गुणोत्तर ०.८४. वजा केल्यावर उरले ०.६६, म्हणजे सुमारे ३३.५°. पठारावरून थेट मोजलेला कोन ३३° होता. दोन वेगळ्या वाटांनी जवळजवळ एकच उत्तर आले.

ही पडताळणी प्रत्येक नमुन्यावर करावी असे मी आग्रहाने सांगेन. हे अंदाजी सूत्र आहे, एखाद्या अंशाचा फरक राहणारच. पण पाच-सहा अंशांचा फरक आला तर काहीतरी चुकलेले असते: उभा डायल योकवरून घसरला, वरचा अर्धा तिरका झाला, किंवा पठार समजलेली जागा पठार नव्हतीच.

यावरून दोन कोन कशाशी बांधलेले आहेत तेही दिसते. रेसिड्युअल भाग दाण्यांच्या खनिजाचा आणि आकाराचा. गोलसर क्वार्ट्झच्या वाळूत तो तीस-तेहतीस अंशांच्या आसपास असतो, टोकदार दाण्यांत जास्त. महाराष्ट्रात बेसाल्ट फोडून केलेली क्रश सँड सर्रास वापरली जाते. तिचे दाणे कोनाकोनांचे असल्यामुळे नदीच्या वाळूचा आकडा तिला लावू नये, तिची वेगळी टेस्ट करावी. पीकमधला वरचा भाग मात्र वाळू किती घट्ट बसवली आणि तिच्यावर किती दाब आहे यावर ठरतो. तीच वाळू सैल भरली तर तो भाग नाहीसा होतो.

म्हणून एक सैल नमुनाही जरूर करा. १.५० घनतेने भरलेला नमुना त्याच १०० किलोपास्कलखाली ठेवला तर रिंग हळूहळू चढत जाईल, शेंडा येणार नाही, उभा डायल खाली जाईल, आणि शेवटी शिअर स्ट्रेस त्याच ६५ च्या जवळपास येऊन टेकेल. घट्ट आणि सैल दोघेही एका पठाराला येऊन मिळाले, तर रेसिड्युअल कोनावर विश्वास ठेवायला यापेक्षा चांगला पुरावा लॅबमध्ये मिळत नाही. आणखी एक झटपट ताळा: कोरडी वाळू फनेलमधून हळू ओतून ढीग करा आणि उताराचा कोन मोजा. तोही रेसिड्युअलच्या जवळ येतो.

पठार खरे की भासमान

वाळूच्या बाबतीत रेसिड्युअल हा शब्द आपण थोडा सैलपणे वापरतो. मातीत, विशेषतः क्लेमध्ये, चपटे कण सरकण्याच्या दिशेत लोळून एका रेषेत येतात आणि ताकद आणखी खाली जाते. त्याला बरेच मोठे सरकणे लागते. वाळूचे दाणे चपटे नसल्यामुळे त्यांच्यात तसे होत नाही. आपण मोजतो ती घनफळ न बदलता सरकत राहण्याची अवस्था. म्हणूनच पठाराची खूण फक्त वरच्या आलेखात शोधू नये. उभा डायल थांबला पाहिजे. रिंग स्थिर दिसते पण उभा डायल अजून चढतोय, तर पठार आलेले नाही.

पेटीची लांबी ६० मि.मी. असल्यामुळे काही वेळा पठाराच्या आधीच प्रवास संपतो. अशा वेळी शेवटच्या रीडिंगला रेसिड्युअल म्हणून लिहू नका. शेवटच्या रीडिंगमधून उरलेला dv/dh वजा करून φcv चा अंदाज द्या, आणि तो अंदाज आहे असे लिहा.

आणखी एक फसवणूक क्षेत्रफळाच्या दुरुस्तीत होते. पेटी १० मि.मी. सरकली की दोन अर्ध्यांचे समोरासमोरचे क्षेत्रफळ ५० × ६० = ३००० चौ.मि.मी. उरते. रिंगवर २३४ न्यूटन आहेत, म्हणजे दुरुस्त शिअर स्ट्रेस ७८ किलोपास्कल. आता जर नॉर्मल स्ट्रेस जुनाच १०० धरला तर tan φ = ०.७८ येते आणि कोन ३८° निघतो. तेहतीसचे अडतीस झाले, आणि आलेखही शेवटाकडे वर चढताना दिसतो. पण नॉर्मल वजनही त्याच लहान क्षेत्रफळावर आहे: ३६० न्यूटन भागिले ३००० म्हणजे १२० किलोपास्कल. ७८ ÷ १२० पुन्हा ०.६५. एकतर दोन्ही दुरुस्त करा किंवा दोन्ही तसेच ठेवा. वाळूसाठी सरळ मार्ग असा की उभ्या अक्षावर τ/σ च मांडावे. मग क्षेत्रफळ आपोआप छेदले जाते आणि प्रश्नच उरत नाही.

तीन नमुने आणि कोरड्या वाळूची कोहेजन

आता ५०, १०० आणि २०० किलोपास्कलचे तीन घट्ट नमुने घेऊ. समजा पीक शिअर स्ट्रेस ४३.५, ८४ आणि १६२ आले, आणि पठारावर ३२.५, ६५ आणि १३०.

पठाराचे तीन बिंदू शून्यातून जाणाऱ्या सरळ रेषेवर बसतात: ३३°. पीकच्या तीन बिंदूंतून संगणकाला सरळ रेष काढायला सांगितली तर तो φ = ३८.३° आणि कोहेजन ४.५ किलोपास्कल देतो. कोरड्या, धुतलेल्या वाळूला चिकटपणा कुठून आला? कुठूनच नाही. एकेक बिंदू शून्याशी जोडून पाहा: ५० ला कोन ४१°, १०० ला ४०°, २०० ला ३९°. दाब वाढला की दाण्यांना एकमेकांवर चढणे कठीण होत जाते, टोके झिजतात-तुटतात, वाळू कमी फुगते आणि पीक कोन उतरतो. म्हणजे पीकची खरी रेषा किंचित वाकलेली आहे; वाकलेल्या रेषेला सरळ पट्टी लावली की ती उभ्या अक्षाला शून्याच्या वर छेदते. तो छेद म्हणजे कोहेजन नव्हे. रिपोर्टमध्ये तो c म्हणून गेला तर उथळ पायासारख्या कमी दाबाच्या कामात डिझायनर नसलेली ताकद धरून बसतो. कोरड्या वाळूसाठी c शून्य लिहावी आणि पीक कोन प्रत्येक दाबासाठी वेगळा द्यावा.

छेद दहा-पंधरा किलोपास्कलचा आला तर मात्र तो वाकलेल्या रेषेचा नाही. तिथे हँगरचे वजन धरायचे राहिले, पेटीच्या कडांत वाळू अडकून धातू घासला, किंवा तीन नमुन्यांची घनता वेगळी होती, यांतले काहीतरी असते. पठाराची रेषासुद्धा शून्यातून जात नसेल तर पहिल्या दोन कारणांकडेच बोट दाखवते, कारण घनतेचा परिणाम पठारापर्यंत पुसला गेलेला असतो. रिकाम्या पेटीत, वाळूशिवाय, फट ठेवून एकदा मोटर चालवून पाहिली की पेटीचे स्वतःचे घर्षण किती ते समजते.

पेटीची एक मर्यादा मात्र कितीही काळजी घेतली तरी जात नाही. वाळू फुगताना वरच्या अर्ध्याच्या आतल्या भिंतीला घासत वर जाते. भिंत तिला खाली ओढते, आणि तुटणाऱ्या पातळीवरचा खरा नॉर्मल स्ट्रेस आपण हँगरवरून काढला त्यापेक्षा जास्त असतो. त्यामुळे घट्ट वाळूचा पीक थोडा फुगून येतो. शिवाय पेटीच्या पुढच्या-मागच्या कडांवर ताण जास्त असल्याने सगळी पातळी एकाच क्षणी शेंड्याला पोहोचत नाही. पठारावर फुगणे थांबलेले असते, म्हणून रेसिड्युअलला भिंतीचा त्रास कमी होतो. दोन आकड्यांपैकी मी रेसिड्युअलवर जास्त भरवसा ठेवतो तो यामुळे.

डिझाईनला कोणता कोन द्यायचा

रिटेनिंग वॉलच्या मागे डंपरने वाळू ओतून सपाट केली, रोलर फिरवला नाही. रँकिनच्या सूत्राने ३३° ला सक्रिय दाबाचा गुणांक ०.२९५ येतो आणि ४०° ला ०.२१७. लॅबमध्ये १.७० ने ठोकलेल्या नमुन्याचा ४०° वापरला तर भिंतीवर प्रत्यक्षात येणारा दाब धरलेल्या दाबापेक्षा जवळजवळ ३६ टक्के जास्त असेल. ओतलेल्या वाळूत शेंडा नसतोच, तिथे ३३° च धरायला हवा. रोलरने थराथराने बसवलेल्या आणि साईटवर घनता तपासलेल्या भरावाला पीकचा काही वाटा देता येतो, पण भिंत किती सरकणार याचा विचार करून. ज्या उतारात किंवा जुन्या घसरणीत वाळू आधीच बरीच सरकलेली आहे तिथे पुन्हा रेसिड्युअलच.

हा निर्णय डिझायनर घेतो, पण त्याला तो घेता यावा इतकी माहिती लॅबने द्यावी लागते. आपल्या नमुन्याची नोंद अशी असावी: वाळू कोरडी, १ मि.मी. ते ५०० मायक्रॉन. तुटण्याआधीची घनता १.७०, व्हॉइड रेशो ०.५६, पीक कोन ५०, १०० आणि २०० किलोपास्कलला अनुक्रमे ४१°, ४०° आणि ३९°, १०० किलोपास्कलला शेंड्यावरचा dv/dh ०.१८, रेसिड्युअल ३३°, उभा डायल आठ मि.मी.ला थांबला, c शून्य. सोबत दोन्ही आलेख, एकाखाली एक.